कोकणातल्या गोठ्यावर कोणता पत्रा घालावा: धातूचा, सिमेंटचा की पॉलिकार्बोनेटचा?

प्रश्न: «आमचा लांजा तालुक्यात आठ म्हशींचा गोठा आहे. कौले काढून 30 बाय 20 फुटांची नवी शेड बांधायची आहे. शेजारी सिमेंटचा पत्रा घाल म्हणतात, फॅब्रिकेटर रंगीत लोखंडी पत्रा सुचवतो आणि दुकानदार पॉलिकार्बोनेट दाखवतो. गोठ्याशेजारी फणस आणि माड आहेत, वानरांचाही त्रास आहे. आमच्या पावसात काय टिकेल?»

तुमच्या वर्णनावरून माझा निर्णय असा आहे की संपूर्ण छपरासाठी दोन्ही बाजूंनी चांगला रंग दिलेला 0.50 मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा घ्यावा. तो आढ्यापासून वळचणीपर्यंत एकाच लांबीचा असावा. पॉलिकार्बोनेट फक्त उजेडासाठी, तेही जनावरांच्या डोक्यावर न येईल अशा जागी, दोन पत्र्यांपुरते वापरावे. सिमेंटचा पत्रा गोठ्यासाठी मुळात वाईट नाही, आणि झाडे व वानरे नसती तर मी कदाचित तोच सुचवला असता. हा निर्णय कशावर उभा आहे ते नीट समजून घेतले, तर दुकानात आणि बांधकामाच्या वेळी कोणत्या गोष्टीवर अडून बसायचे हे तुम्हाला स्वतःला ठरवता येईल.

छपराचा विचार करताना आपण सगळे लक्ष वरून पडणाऱ्या पावसाकडे देतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे ते स्वाभाविकही आहे. परंतु या तिन्ही प्रकारच्या पत्र्यांतून पाणी आरपार येत नाही. पाणी येते ते दोन पत्र्यांच्या सांध्यातून आणि स्क्रूच्या भोकांतून. आणि गोठ्याचा पत्रा सडतो तो बहुतेक वेळा वरून नव्हे, तर खालून. गेली अनेक वर्षे कोकणातल्या शेतांवर शेड उभारताना आणि जुन्या शेड उतरवताना मी हे पुन्हापुन्हा पाहिले आहे.

एक उदाहरण सांगतो. एका गोठ्यावर आम्ही साधा रंगीत पत्रा घातला होता. त्याचा वरचा निळा रंग चार पावसाळ्यांनंतरही नव्यासारखा होता, म्हणून मालक निर्धास्त होते. पाचव्या वर्षी मूत्राच्या नालीच्या बरोबर वर, सरळ रेषेत, टाचणीच्या डोक्याएवढी भोके दिसू लागली. खालून पाहिले तेव्हा त्या रेषेवर पत्र्याचा मागचा रंग फुगून सुटला होता आणि तांबूस गंजाचे ठिपके एकमेकांत मिसळले होते. गव्हाणीवरचा पत्रा मात्र शाबूत होता. पाऊस दोन्हींवर सारखाच पडला होता. फरक होता तो खालच्या हवेत.

याचे कारण असे आहे. मूत्रातल्या युरियाचे शेणातल्या जिवाणूंमुळे अमोनियात रूपांतर होते. हा वायू हलका असल्याने वर चढतो. पावसाळ्यात हवा आधीच ओलसर असते, आणि पाऊस ओसरल्यावर आकाश निरभ्र होते तेव्हा, विशेषतः ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री, पत्रा झपाट्याने गार होऊन त्याच्या खालच्या बाजूला पाण्याचे थेंब धरतात, ज्याला आपण पत्र्याला घाम येणे म्हणतो. त्या थेंबांत अमोनिया विरघळला की पत्र्याच्या पोटाला दररोज पहाटे क्षारयुक्त पाण्याचा पोचारा बसतो. जस्ताचा लेप त्याने झिजतो, आणि ज्या लेपात अॅल्युमिनियमचे प्रमाण मोठे असते तो लेप तर क्षाराला आणखी लवकर बळी पडतो.

इथे बाजारातल्या एका समजुतीबद्दल सांगणे भाग आहे. अॅल्युमिनियम आणि जस्त यांच्या मिश्र लेपाचा पत्रा (साधारण 55 टक्के अॅल्युमिनियम, उरलेले बहुतांश जस्त आणि थोडे सिलिकॉन) उघड्यावर, पावसात, नुसत्या जस्ताच्या पत्र्यापेक्षा जास्त टिकतो, हे खरे आहे. म्हणून दुकानदार तो सर्रास सुचवतात. गोदामासाठी, ट्रॅक्टरच्या शेडसाठी, भात मळणीच्या खळ्यासाठी मीही तोच घेईन. परंतु जनावरे कोंडलेल्या जागेवर पत्रा घातल्यास हमी लागू होत नाही, अशी अट या पत्र्यांच्या हमीपत्रांत सहसा असते आणि ती वाचून दाखवली जात नाही. तुम्ही हमीपत्र हातात घेऊन ती अट स्वतः वाचा.

गोठ्यासाठी पत्र्यावरचा धातूचा लेप कोणता, यापेक्षा खालच्या बाजूचा रंग किती जाड आहे हे अधिक महत्त्वाचे ठरते. नेहमीच्या रंगीत पत्र्याला वरच्या बाजूस साधारण 20 ते 25 मायक्रॉन जाडीचा रंग असतो, पण खालच्या बाजूस केवळ 5 ते 10 मायक्रॉनचा फिकट करडा किंवा पांढरट हात मारलेला असतो. घरावर किंवा गोदामावर तेवढा पुरतो. गोठ्यात मात्र खरी झुंज त्या पातळ बाजूवर चालते. म्हणून मागणी नोंदवताना «दोन्ही बाजूंना सारख्याच जाडीचा रंग» असे कोटेशनमध्ये लिहून घ्या. असा पत्रा दुकानात तयार नसतो, मागवावा लागतो आणि थोडा महाग पडतो, पण याच एका खर्चावर काटकसर करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. खाली जस्ताचा लेप असेल तर तो दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला 275 ग्रॅमचा मागा. 120 ग्रॅमचा लेप कोकणातल्या गोठ्यासाठी मी स्वीकारत नाही.

जाडीच्या बाबतीत फसवणूक सर्वाधिक होते, आणि ती ओळखण्याचा सोपा मार्ग वजनकाटा आहे. पन्हळी पाडण्याआधी पत्र्याची गुंडाळी सामान्यतः 1220 मिलिमीटर रुंद असते. 0.50 मिलिमीटर जाडीचा असा पत्रा एका मीटर लांबीला सुमारे 4.8 किलो भरतो. म्हणजे 13 फुटांचा एक पत्रा जवळपास 19 किलोचा हवा. तो 15 किलोच्या आसपास भरला, तर तुमच्या हाती 0.40 चा पत्रा आला आहे, पावतीवर काहीही लिहिलेले असो. दुकानातच एक पत्रा काट्यावर ठेवायला सांगावे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

आता 13 फूट हा आकडा कुठून आला ते पाहू, कारण पत्र्याची निवड आणि छपराचा उतार या गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. तुमच्या शेडची रुंदी 20 फूट आहे, म्हणजे मधल्या आढ्यापासून खांबापर्यंत प्रत्येक बाजूला 10 फूट. तेवढ्या अंतरात आढे 4 फूट उचलले, तर सुमारे 22 अंशांचा उतार मिळतो. खांबाच्या बाहेर 2 फुटांची वळचण काढली की आडवे अंतर 12 फूट आणि उतारावरची लांबी जवळजवळ 13 फूट होते. लोखंडी पत्रा या लांबीत अखंड मिळतो. त्यामुळे उतारावर एकही आडवा सांधा येत नाही, आणि माझ्या अनुभवात कोकणातली गळती सर्वांत जास्त याच आडव्या सांध्यातून होते. झडीचा वारा उतारावरून खाली येणाऱ्या पाण्याला उलटे वर ढकलतो आणि ते वरच्या पत्र्याखाली शिरते. सांधाच नसेल तर शिरायला जागा उरत नाही.

सिमेंटचा पन्हळी पत्रा जास्तीत जास्त 3 मीटर लांबीचा मिळतो. तुमच्या उताराला त्यामुळे दोन पत्रे एकाखाली एक लागतील, समजा 2 मीटर आणि 2.25 मीटरचे, आणि मध्ये सांधा येईल. सर्वसाधारण शिफारस वरच्या पत्र्याचा खालच्या पत्र्यावर किमान 150 मिलिमीटर चढ ठेवण्याची आहे. आपल्याकडे मी 200 मिलिमीटर ठेवतो आणि चढाच्या आत डांबरी दोरी घालतो. या पत्र्याला आधारही जवळ लागतात. 6 मिलिमीटर जाडीच्या पत्र्याखाली दोन पर्लिनमधले, म्हणजे पत्रा पेलणाऱ्या आडव्या पाइपांमधले, अंतर 1.4 मीटरपेक्षा जास्त चालत नाही. शिवाय एका कामाकडे गवंडी हमखास दुर्लक्ष करतात. जिथे चार पत्रे एका बिंदूवर एकत्र येतात, तिथे मधल्या दोन पत्र्यांचे कोपरे तिरके कापावे लागतात. ते कापले नाहीत तर चार जाड्या एकावर एक बसतात, पत्रे उचललेले राहतात, आणि कामगार ते दाबण्यासाठी बोल्ट जोराने आवळतो. पहिल्या वर्षी काही दिसत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात बोल्टपासून निघालेली केसासारखी चीर दिसते आणि तिथून ठिबक सुरू होते.

एवढे असूनही सिमेंटच्या पत्र्याचे गुण मोठे आहेत, आणि तुमचे शेजारी उगीच त्याची शिफारस करत नसतील. तो गंजत नाही, अमोनियाला दाद देत नाही, उन्हाळ्यात लोखंडाइतका तापत नाही, त्याला घाम कमी येतो आणि पावसाचा कानठळ्या बसवणारा आवाज त्याखाली होत नाही. वरून शेवाळ धरते, वर्षानुवर्षांच्या पावसाने पृष्ठभागावरचे सिमेंट धुपून तो खरखरीत होतो, पण सडून भोक पडणे असा प्रकार त्यात नाही. झाडांपासून दूर, माळावर असलेल्या गोठ्यासाठी तो अजूनही योग्य पर्याय आहे.

तुमच्याकडे मात्र तो टिकणार नाही. सिमेंटचा पत्रा ठिसूळ असतो. पाच-सहा किलोचा फणस किंवा वाळका नारळ वरून पडला तर तो तडकतोच, आणि वानरांची टोळी माडावरून छपरावर उड्या घेऊ लागली की एका हंगामात दोन-चार पत्रे बदलावे लागतात. पावसाच्या भरात बदलणे म्हणजे ओल्या, शेवाळलेल्या छपरावर माणूस चढवणे. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊन माणूस आरपार खाली पडल्याचे अपघात गावोगावी झाले आहेत, कारण वरून पत्रा शाबूत दिसतो आणि कुठे चीर आहे ते कळत नाही. हा पत्रा ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी त्यावर कधीही थेट पाय देऊ नये. निदान तीन पर्लिनवर टेकेल अशी लांब फळी किंवा शिडी आडवी टाकून तिच्यावरूनच चालावे.

दुसरी गोष्ट अॅस्बेस्टॉसची. आपल्याकडे ज्याला सरसकट सिमेंटचा पत्रा म्हणतात त्यात अनेकदा अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. त्याची धूळ श्वासावाटे फुफ्फुसात गेल्यास कर्करोग होऊ शकतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेने अॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार याबाबतीत धोकादायक ठरवले आहेत. अॅस्बेस्टॉसचा पत्रा IS 459 या मानकाखाली येतो आणि अॅस्बेस्टॉसविरहित पत्रा IS 14871 खाली. पत्र्यावरचा शिक्का वाचून दुसराच घ्यावा. जुना पत्रा उतरवताना तो फोडू नये, कापायचा असेल तर पाणी मारून हातकरवतीने कापावा, तोंडाला योग्य मास्क बांधावा, आणि त्याचे तुकडे अंगणात किंवा गोठ्याच्या जमिनीत भर म्हणून टाकू नयेत.

पॉलिकार्बोनेटबद्दल दुकानदाराने तुम्हाला तो फुटत नाही असे सांगितले असेल. ते बरोबर आहे. नारळाचा मार तो या तिघांत सर्वांत चांगला सोसतो. परंतु जनावरांवर संपूर्ण छप्पर त्याचे घालण्याला माझा ठाम विरोध आहे. पारदर्शक छपराखाली एप्रिल-मेमध्ये हरितगृहासारखी उष्णता साठते, आणि म्हशीला तर ऊन मुळीच सोसत नाही. शिवाय अमोनिया आणि इतर क्षार पॉलिकार्बोनेटवरही परिणाम करतात. सुरुवातीला स्क्रूच्या भोवती, जिथे ताण असतो तिथे, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसतात आणि पुढे तिथूनच तुकडा सुटतो.

उजेडासाठी दोन पत्रे घालायचे ते चाऱ्याच्या खोलीवर किंवा मधल्या वाटेवर, आणि शक्यतो उत्तरेच्या उतारावर घाला. तिथे ऊन कमी वेळ पडते. या पत्र्याची सहसा एकच बाजू अतिनील किरणांपासून संरक्षित असते. ती वर आली पाहिजे. वरच्या संरक्षक कागदावर तसे छापलेले असते, म्हणून तो कागद पत्रा जागेवर बसेपर्यंत काढू देऊ नका. उलटा बसलेला पत्रा दोन-तीन वर्षांत पिवळा पडून ठिसूळ होतो. दुसरी काळजी प्रसरणाची. तापमानात 30 अंशांचा फरक पडला तर 4 मीटर लांबीचा पॉलिकार्बोनेट सुमारे 8 मिलिमीटर वाढतो, त्याच लांबीचे लोखंड मात्र दीड मिलिमीटरच्या आतच राहते. दोन्ही एकाच घट्ट भोकात स्क्रूने जखडले तर काहीतरी फाटणारच. म्हणून पॉलिकार्बोनेटला स्क्रूच्या जाडीपेक्षा निदान 3 मिलिमीटर मोठे भोक आधी पाडून घ्यावे, त्यावर रुंद रबरी वॉशर बसवावा आणि स्क्रू हलका आवळावा.

आता वाऱ्याकडे वळतो, कारण सिमेंटचा पत्रा जड असल्याने उडत नाही हा समज फार खोलवर रुजलेला आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा लोखंडाबरोबर सिमेंटची छपरेही मोठ्या प्रमाणावर उडाली आणि फुटली. हिशेब केला तर ते का घडले हे कळते. सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 140 किलोमीटर वेगाचा वारा धरला तर त्याचा दाब चौरस मीटरला साधारण 93 किलो होतो. उघड्या शेडमध्ये तो खालून ढकलतो आणि वरून ओढतो. लोखंडी पत्र्याचे वजन चौरस मीटरला साडेचार-पाच किलो, तर सिमेंटच्या पत्र्याचे 14 किलोच्या आसपास असते. म्हणजे दोन्ही वजने या ओढीपुढे नगण्य आहेत, आणि छप्पर जागेवर ठेवतात ते स्क्रू, पर्लिन, पर्लिन पेलणारी त्रिकोणी कैची आणि पाया.

तुमच्या छपराचे क्षेत्रफळ दोन्ही उतार मिळून सुमारे 73 चौरस मीटर होईल. त्यावरची ओढ ढोबळमानाने पावणेसात टन येते. 30 फुटांत दर 10 फुटांवर कैची धरली तर चार कैच्या आणि आठ खांब होतात. प्रत्येक खांबावर साडेआठशे किलोच्या आसपास वरची ओढ आली. अडीच फूट लांब, अडीच फूट रुंद आणि अडीच फूट खोल काँक्रीटचा ठोकळा सुमारे एक टनाचा भरतो. म्हणून प्रत्येक खांबाखाली एवढा ठोकळा मी मागतो, आणि खांब त्यात नुसता टेकवलेला नव्हे, तर खाली आडवी सळई किंवा पट्टी वेल्ड करून आत गाडलेला हवा. नाहीतर पत्रा कितीही चांगला घेतला तरी संपूर्ण सांगाडा छत्रीसारखा उचलला जाईल.

पर्लिन प्रत्येक उतारावर पाच लागतील: एक आढ्याजवळ, दोन मध्ये, एक खांबाच्या रेषेवर आणि एक वळचणीत, जेणेकरून शेवटच्या पर्लिनपुढे पत्रा नऊ इंचांपेक्षा जास्त मोकळा राहणार नाही. चौकोनी पाइपची जाडी 2 मिलिमीटरपेक्षा कमी नको, कारण पातळ पाइपमध्ये स्क्रूला धर मिळत नाही. मधल्या भागात एक सोडून एक उंचवट्यावर स्क्रू चालतो, तरी त्यावर सुमारे 40 किलो ओढ येते. वळचण, आढे आणि दोन्ही टोकांच्या पत्र्यांवर मात्र प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवाच, कारण कडांवर ओढ दुपटीपर्यंत जाते. वादळानंतर पडलेला पत्रा पाहिला तर बहुतेकदा स्क्रू पर्लिनमध्येच उभे दिसतात आणि पत्रा त्यांच्या डोक्यावरून फाटून गेलेला असतो. पातळ पत्रा का नको, याचे हे दुसरे कारण आहे.

स्क्रू नेहमी उंचवट्यावर मारायचा, पन्हळीत नाही, कारण पन्हळीतून पाणी वाहते. वॉशर काळ्या ईपीडीएम रबराचा असावा. तो किंचित फुगेल इतकाच आवळावा. चेपून बाहेर आला तर तो दोन उन्हाळ्यांत फाटतो, आणि सैल राहिला तर पहिल्याच पावसात ठिबकतो. पत्रे कापण्यासाठी ग्राइंडर वापरू देऊ नका. त्याच्या ठिणग्यांनी रंग जळतो आणि कडेपासून गंज आत सरकतो. पत्रा कात्रीने कापावा, आणि छिद्रे पाडताना पडलेला लोखंडाचा कीस त्याच संध्याकाळी मऊ झाडूने काढून टाकावा. तो राहिला तर पहिल्या सरीनंतर छपरावर गंजाचे शेकडो ठिपके उमटतात आणि मालकाला वाटते की पत्राच खोटा निघाला.

उभ्या सांध्याची दिशाही वाऱ्यावर ठरते. आपला पावसाळी वारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. आढे पूर्व-पश्चिम ठेवले असेल, तर पत्रे पूर्वेच्या टोकापासून घालायला सुरुवात करून पश्चिमेकडे यावे. मग प्रत्येक नवा पत्रा आधीच्या पत्र्यावर चढतो आणि सांध्याची उघडी कड पूर्वेकडे, वाऱ्याच्या आडोशाला राहते. उलट्या क्रमाने घातले तर वारा प्रत्येक सांध्यात पाणी भरत राहतो. पश्चिमेकडचा त्रिकोण वरून खांबाच्या उंचीपर्यंत पत्र्याने बंद करावा.

शेवटी हवेचा मुद्दा, आणि तुमच्या बाबतीत तो सर्वांत महत्त्वाचा आहे. तुम्ही कौले काढत आहात. कौलारू छप्पर फटीफटींतून श्वास घेत असते. त्याखाली अमोनिया साठत नाही आणि म्हणूनच जुन्या गोठ्यांत वासे वर्षानुवर्षे टिकले. पत्रा घातला की ती वाट एकाएकी बंद होते. बरेच शेतकरी सांगतात की नव्या शेडमध्ये वास वाढला आणि जनावरे खोकू लागली. याला उपाय आढ्यावरची फट हा आहे. रुंदीच्या दर 10 फुटांना 2 इंच असा हिशेब धरला, तर तुमच्या 20 फुटांसाठी आढ्याच्या पूर्ण लांबीत 4 इंचांची फट सोडावी लागेल. तिच्यावर तेवढ्याच उंचीवर उचललेली टोपी बसवावी आणि ती दोन्ही उतारांवर निदान एक फूट खाली यावी. झडीच्या पावसात चार थेंब आत येतील, ते येऊ द्यावेत. वळचणीपाशी छप्पर जमिनीपासून 10 फूट उंच ठेवावे, आणि लांबीच्या दोन्ही बाजू गव्हाणीच्या वर उघड्या ठेवाव्यात. जोराच्या पावसापुरते शेडनेटचे पडदे पुरतात. उन्हाळ्यातल्या तापासाठी पत्र्याचा वरचा रंग पांढरा किंवा अगदी फिकट घ्यावा, आणि मार्च ते मे या काळात वर माडाच्या झावळ्या पसराव्यात. त्या पावसाआधी मात्र न चुकता उतरवाव्यात, कारण ओल्या झावळीखाली पत्रा महिनोन्महिने ओला राहतो.

पाण्याच्या निचऱ्याचा अंदाज असा आहे: तासाला 100 मिलिमीटरची सर आली तर तुमच्या प्रत्येक उतारावरून सेकंदाला सुमारे एक लिटर पाणी खाली येईल. त्यासाठी वळचणीखाली चिऱ्याची उतरती गटारी बांधावी. पागोळ्यांचे पाणी पायाजवळच्या मातीत मुरू दिले तर तोच काँक्रीटचा ठोकळा सैल होतो.

पत्र्याची मागणी फेब्रुवारीतच नोंदवा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या रंगाचा पत्रा येईपर्यंत थांबता येईल आणि मेच्या मध्यापर्यंत काम पुरे होईल. आलेले पत्रे एकावर एक सपाट रचून उघड्यावर ठेवू नका. वळवाच्या एका सरीचे पाणी दोन पत्र्यांमध्ये अडकले तर जस्तावर पांढरी बुरशीसारखी पूड धरते. एक टोक उंच करून ते ताडपत्रीखाली ठेवावेत. पहिल्या मोठ्या पावसात आत उभे राहून कुठे ठिबकते ते खडूने खांबावर किंवा जमिनीवर खूण करून ठेवा, आणि पाऊस थांबून छप्पर कोरडे झाल्यावर त्या खुणेच्या वरचा स्क्रू तपासा. त्यानंतर दर ऑक्टोबरमध्ये शिडी लावून मूत्राच्या नालीवरचा पत्र्याचा खालचा भाग जवळून पाहा. रंग कुठे फुगलेला दिसला, तर तेवढी जागा घासून, धुऊन, कोरडी करून तिच्यावर इपॉक्सी प्रायमर आणि रंगाचे दोन हात द्या. हे त्याच वर्षी केले तर एक दिवसाचे काम असते. पुढच्या वर्षावर टाकले तर तो पत्रा बदलावा लागतो.